खाकऱ्याचा पुडा आणि मोबाईलचा हिरवा रंग



आज जे लिहिते आहे ते लिहायला मला तीन महिने लागले, कारण चूक माझ्या हातून झाली होती.

माझ्या सहा वर्षांच्या नातवाला तिळाची ॲलर्जी आहे. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला तिळाचा लाडू खाल्ला आणि अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, मग उलटी झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून निदान केलं आणि सूनबाईच्या हातात एक कागद दिला. नुसत्या गांधी आल्या तर कोणतं औषध द्यायचं, आणि श्वासाला त्रास झाला, आवाज बसला किंवा मूल गळून गेल्यासारखं झालं तर काही न शोधता थेट दवाखाना गाठायचा, असं त्यावर लिहिलं आहे. तो कागद तिच्या फ्रिजवर लावलेला असतो, आणि आता सांगलीत माझ्याही.

दिवाळीच्या सुट्टीत ती दोघं आमच्याकडे आली होती. सूनबाईने माझ्या मोबाईलमध्ये Open Food Facts नावाचं ॲप टाकून दिलं आणि त्यात ‘तीळ नको’ अशी आवड नोंदवली. पुड्यावरच्या काळ्या रेघांसमोर मोबाईल धरायचा, की पदार्थाचं नाव, त्यातले घटक आणि आपल्याला चालेल की नाही ते दिसतं. मला फार मौज वाटली. दुकानातली अर्धी फळी मी तपासून आले.

त्या दिवशी दिवस मावळायला आला होता. सूर्यास्ताच्या आत मुलाला काहीतरी खायला द्यायचं म्हणून नव्या पुड्यातला मेथी खाकरा काढला. ॲपवर धरला, हिरवं दिसलं, दिला. दहा मिनिटांत त्याचा वरचा ओठ सुजला आणि मानेवर गांधी आल्या. औषध दिलं, डॉक्टरांकडे नेलं, रात्रभर जागलो. सुदैवाने तेवढ्यावर निभावलं. सूनबाई मला एक शब्द बोलली नाही, पण पुढचे दोन दिवस नातवाचं ताट तिने स्वतःच वाढलं. ते मला जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी तो पुडा घेऊन टेबलाशी बसलो. पुड्याच्या मागे घटकांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर तीळ स्पष्ट छापलेले होते. ॲपमधल्या यादीत ते नव्हते. मग ॲपमधला पुड्याचा फोटो मोठा करून पाहिला, तर पुड्याचा रंगच वेगळा. कोणीतरी काही वर्षांपूर्वी जुन्या पुड्याचा फोटो टाकून माहिती भरली होती. मधल्या काळात कंपनीने खाकऱ्यात तीळ घालायला सुरुवात केली, पण रेघांखालचा आकडा तोच ठेवला.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण हे मला लगेच कळलं. ॲप म्हणजे खतावणी आणि पुडा म्हणजे गोदामातला माल. खतावणीत शंभर पोती लिहिली म्हणून गोदामात शंभर असतातच असं नाही, म्हणून तर वर्षअखेरीला माल मोजतात. रेघांखालच्या आकड्यात घटक भरलेले नसतात. तो फक्त ‘अमुक कंपनीचा अमुक वजनाचा मेथी खाकरा’ एवढीच ओळख सांगतो, यंदाचा की मागच्या सालचा तेही नाही. बाकी सगळं ॲप आपल्या साठ्यातून शोधून आणतं. हे ॲप 2012 साली फ्रान्समध्ये सुरू झालं आणि त्यातली बरीचशी माहिती आपल्यासारख्याच लोकांनी पुड्यांचे फोटो काढून भरलेली आहे. पुड्यावरची माहितीच तपासा, असं ते ॲप स्वतःच लिहून सांगतं. मीच वाचलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. ॲपची उत्तरं तीन असतात: आहे, नाही आणि माहीत नाही. आपल्याकडच्या गृहउद्योगांच्या पदार्थांना बहुतेक वेळा तिसरंच उत्तर येतं, किंवा पदार्थ सापडतच नाही. घाईत माझ्यासारखी बाई ‘माहीत नाही’ला ‘नाही’ समजून बसते.

मग सूनबाईने तिच्या मोबाईलमधलं दुसरं ॲप दाखवलं. ते साठ्यावर अवलंबून नाही. घटकांच्या यादीचा आपण फोटो काढायचा, ते अक्षरं वाचतं आणि नको असलेला शब्द दिसला की लाल करतं. म्हणजे हातातलाच पुडा वाचला जातो, हे चांगलं. पण चकचकीत पुड्यावर उजेड पडला किंवा यादी घडीत गेली, की अर्धी ओळ गळते. म्हणून त्याने काय वाचलं ते पडद्यावर दिसतं, ते पुड्याशी ताडून बघायचं. आम्ही मुद्दाम चिक्कीच्या डब्याचा फोटो काढून पाहिला. तिळाची चिक्की, आणि ॲप गप्प! कारण त्याला sesame एवढाच शब्द दिला होता आणि डब्यावर til छापलं होतं. मग आम्ही til, teel, gingelly, tahini असे शब्द हाताने घातले. तिळाच्या तेलाला पुड्यावर पुष्कळदा जिंजली म्हणतात, हे मलाही तेव्हाच कळलं.

तुम्ही म्हणाल, पुड्यावर ठळक अक्षरांत ‘कंटेन्स’ची ओळ असते, तेवढी वाचली की झालं. दुधाची, शेंगदाण्याची, काजू-बदामाची, सोयाची किंवा गव्हाची ॲलर्जी असेल तर ती ओळ खरंच उपयोगी पडते. आपल्या 2020च्या लेबलच्या नियमांत त्यांची नावं आहेत. पण त्या यादीत तीळ नाहीत. अमेरिकेत 2023 पासून तीळ ॲलर्जीचा पदार्थ म्हणून नावाने लिहावे लागतात, आपल्याकडे ते घटकांच्या बारीक यादीतच शोधावे लागतात. ‘ट्रेसेस असू शकतात’ या ओळीतही तीळ येतीलच असं नाही. आणि नुसतं ‘मसाले’ लिहिलं असेल तर त्यात काय काय आहे ते कळायला पुड्यावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन करावा लागतो. मी दोनदा केला. एकदा नीट उत्तर मिळालं. एकदा ‘सांगता येणार नाही’ म्हणाले, तो पुडा शेजारी दिला.

आपल्या बायकांना पुडा वाचायची सवय आहेच. हिरवा ठिपका, कांदा-लसूण, बटाटा, जिलेटिन, सगळं आपण बघतो. तीच सवय इथे आड आली. हिरवा ठिपका आणि वर ‘जैन’ लिहिलेलं दिसलं की माझे डोळे पुढे वाचायचेच नाहीत. तीळ काय, ते हिरव्या ठिपक्यातच बसतात.

आता आमच्याकडे असं चालतं. दुकानात ॲपने लाल दाखवलं तर पुडा परत फळीवर. लाल नसेल तर तो चालतो असं नाही, तर यादी वाचायची एवढंच. यादी पहिल्या घटकापासून शेवटपर्यंत, घरी फोडताना पुन्हा, आणि नेहमीचा पुडा असला तरीही. त्या खाकऱ्याची नवी यादी सूनबाईने फोटोसह ॲपमध्ये भरून टाकली. दुसऱ्या कुणा आजीला तरी बरोबर दिसेल.

आणि एक आमच्या पिढीची खोड. पुडा फोडला की खाऊ स्टीलच्या डब्यात आणि वेष्टन केरात! मग नातू आला की त्या डब्यात काय आहे ते ना मी सांगू शकत, ना ॲप. आता मी वेष्टनाचा यादीचा आणि तारखेचा तुकडा कापून डब्यात वर ठेवते. तुकडा नसलेल्या डब्यातलं नातवाला द्यायचं नाही.

मागच्या रविवारी पाठशाळेत मुलांना खाऊचे पुडे वाटले. नातवाने तो न फोडता घरी आणला आणि माझ्या हातात देऊन म्हणाला, “आजी, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच.” सूनबाई ओट्यापाशी उभी होती. ती वळून बघायला आली नाही. मी वाचला, शेंगदाणे, गूळ, वेलची, आणि तिनेच आतून सांगितलं, “आई, द्या त्याला.”