भरीत, तुला भरतच म्हणू का?

यावल,
चंपाषष्ठी

प्रिय भरीत,

का रे भो, काय करी राह्यला?

तुझं पत्र पोचलं. लेकीने फोनवर माझा आवाज ऐकला आणि तुला विचारलं, ‘बाबा, हे काका तुम्हाला वांग्याची भाजी का म्हणतात?’ तुला उत्तर सुचलं नाही म्हणून तू प्रश्न माझ्याकडे ढकललास. आज चंपाषष्ठी आहे, चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं आजपासून पुन्हा ताटात येतं. तेव्हा उत्तराला मुहूर्त चांगला आहे.

तिला आधी आपला वर्ग सांग. हजेरीत पाटलांची रांग संपली की चौधऱ्यांची सुरू व्हायची. लेवा घरांतून भंगाळे, नेमाडे, झोपे, बोरोले अशी आडनावं किती तरी, पण दाखल्यावर बऱ्याच जणांचं पाटील नाहीतर चौधरीच असायचं. त्यात भरत पाटील दोन. सरांनी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावून वाट काढली, पण मैदानावर आद्याक्षर ओरडून चेंडू मागता येत नाही. तिथे दोघांपैकी एकाचं नाव बदलणं भागच होतं.

ते तुझंच का बदललं, हे मात्र बामणोदच्या शिवारात ठरलं. थंडीत मळ्यावर भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ केला होता आणि त्यावर ती हिरवी, लांबोडी, हातभर वांगी टाकली होती. वांगं आतून शिजलं की नाही हे नुसतं साल काळं पडल्यावरून कळत नाही. देठाजवळ दाबून बघावं लागतं. तिथे बोट सहज रुतलं तरच ते उतरवायचं, नाहीतर ठेचताना कच्च्या गाठी राहतात. मोठी माणसं गप्पांत होती आणि तू जाळाशी बसून एकेक वांगं दाबून, फिरवून, उतरवत होतास. मग सोलणं, लाकडी मुसळीने ठेचणं, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून गरम तेल. कळण्याच्या भाकरीबरोबर त्या दिवशी जे खाल्लं त्यात एक गाठ नव्हती. नावातलं साम्य आधीपासून होतंच, पण तू भरीत झालास तो त्या कामामुळे.

म्हणून ते नाव मी अजून आनंदाने घेतो. पासपोर्टवरचं नाव तुझ्या बारशात ठरलं, तेव्हा तू काहीच केलेलं नव्हतंस. तिकडे ऑफिसात तुला मिस्टर पाटील म्हणतात, आणि त्या हाकेला अर्धा यावल तालुका ओ देईल. भरीत हे एकट्या तुझं आहे, आणि तू ते कमावलं आहेस.

पण सगळीच टोपणनावं अशी नसतात, हेही लेकीला सांग. आपल्याच वर्गात एकाला त्याच्या लंगडण्यावरून हाक मारत. तो वळायचा, पण लगेच नाही. खाली बघायचा आणि मग वळायचा. त्याची आई दारात असली की तीच पोरं त्याला चटकन खऱ्या नावाने बोलवत. खूण हीच आहे. जे नाव आईसमोर घेता येत नाही, ते टोपणनाव नव्हे, तो मार आहे. पुढे एका स्नेहमेळाव्यात त्याने ते स्वतःच बोलून दाखवलं. तेव्हापासून ते नाव बंद आहे, आणि कुणी चुकून घेतलंच तर दुसरा लगेच टोकतो. उलट तुझी आई तर ओट्यावरून स्वतःच विचारायची, ‘भरीत कुठे गेला रे?’

दुसरी खूण परतफेडीची. मी तुला भरीत म्हणतो, कारण तू मला ढापण्या म्हणतोस. सहावीत चष्मा लागला त्याच दिवशी ते नाव तूच दिलंस. एकाने हाक मारायची आणि दुसऱ्याने फक्त ऐकायची, असं असतं तर एवढी वर्षं टिकलं नसतं.

आता लेकीला पटेल असं एक. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ‘जळगावचं भरिताचं वांगं’ हे नाव आता बाहेरच्या वांग्याला लावून विकता येत नाही. तुझ्या नावाला सरकारी कागद नाही, पण आपल्या वर्गात दुसऱ्या कुणाला ते लावून बघ. पोरं ऐकणार नाहीत.

तरी तुला आता ते नको असेल, बायको-मुलांसमोर अवघड वाटत असेल, तर एका ओळीत तसं लिही. पुढच्या फोनपासून भरत म्हणेन आणि कारण विचारणार नाही. नाव ऐकणाऱ्याचं असतं, हाक मारणाऱ्याचं नाही.

आणि लेकीला भरीत खाऊनच समजून घ्यायचं असेल, तर तिकिटं डिसेंबर-जानेवारीची काढ. उन्हाळ्यात वांग्याला ती चव नसते.

तुझाच,
ढापण्या