चांदीचा बैल, लाकडाचा बैल

केळापूर तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीकडे समाजातील ज्येष्ठांच्या सणांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम आले. तिच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न होता, ‘पूर्वी सण कसे साजरे होत?’ ऐंशी ओलांडलेल्या, जन्मभर कापसाचा व्यापार केलेल्या आजोबांनी उत्तर दिले, ‘‘फार छान. आता तसे राहिले नाही.’’ मुलाखत तिथेच अडली.

दुसऱ्या बैठकीपूर्वी तिने प्रश्न बदलले. स्मृतीला जागा, वस्तू आणि क्रम लागतो. अभिप्राय विचारला की अभिप्रायच मिळतो. म्हणून तिने विचारले, ‘‘पोळ्याच्या दिवशी दुकान केव्हा बंद होई? दाराशी पहिले बैल कोणाचे येत? बोजारा कोण देई, आणि कशातून काढून?’’ आजोबा हळूहळू ओसरीवर जाऊन बसले, अर्थात मनाने. गल्ल्याजवळची चिल्लरीची वाटीही त्यांना आठवली.

मग ते म्हणाले, ‘‘तान्ह्या पोळ्याला मी चांदीचा बैल पाहिला.’’ मुलांचे बैल लाकडाचे असतात, हे तिला ठाऊक होते. चूक दुरुस्त करण्याचा मोह तिने आवरला. ‘‘तो बैल कोणाच्या हातात होता?’’ एवढेच विचारून ती गप्प बसली. ही शांतता सांभाळणे नवख्या मुलाखतकाराला सर्वांत कठीण जाते. पाच-सात सेकंदांतच तो पुढचा प्रश्न टाकतो आणि येऊ घातलेली आठवण परत फिरते.

आजोबा म्हणाले, ‘‘हातात नव्हता. वरून खाली येत होता. हार घातलेला.’’

उलगडा पंचांगात होता. पोळा श्रावण अमावास्येचा, तान्हा पोळा दुसऱ्या दिवशीचा. श्वेतांबर पर्युषण त्याच दिवसांत असते आणि महावीर जन्मवाचनही बहुधा भाद्रपद शुद्ध प्रतिपदेलाच येते. त्या दिवशी उतरवल्या जाणाऱ्या चौदा स्वप्नांत हत्तीनंतर वृषभ असतो. सकाळी उपाश्रयात चांदीचा बैल, संध्याकाळी रस्त्यावर लाकडाचा. लहान मुलाच्या मनात दोन्ही एक झाले होते. लेखी प्रतीत तिने आजोबांचे वाक्य जसेच्या तसे ठेवले आणि तिथीची नोंद बाजूला केली.

वर्ष मात्र ‘कोणते?’ असे विचारून निघाले नाही. ‘‘लालबहादूर शास्त्री गेले तेव्हा तुम्ही शाळेत होता की दुकानात?’’ अशा प्रश्नांनी आधीची-नंतरची सीमा तेवढी सापडली. घरातील जुन्या रोजमेळात बोजाऱ्याची रक्कम तिथीसह मिळू शकते. पण आठवण सांगून होण्यापूर्वी वही दाखवली, तर माणूस वहीच वाचू लागतो.

शेवटी आजोबांनी एका वर्षी एका गड्याला बोजारा का दिला गेला नाही, तेही सांगितले. लगेच म्हणाले, ‘‘हे छापू नकोस. त्याची नातवंडे इथेच आहेत.’’ तिने मुद्रणातील तो मिनिट लिहून घेतला, तेवढा भाग वगळण्याची नोंद संमतिपत्रावर केली आणि आजोबांना वाचून दाखवून मगच सही घेतली.