मुंबईतले सव्वातीन तास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं उमरा करून परतलो. अम्मी, आम्ही दोघं आणि भाची. ग्रुप मुंबईहून निघाला होता, म्हणून परतीचं तिकीटही जेद्दा ते मुंबईच होतं. अम्मींना मात्र आधी हैदराबादला आपाकडे सोडायचं होतं. ते तिकीट आम्ही घरी बसून, मोबाइलवर, वेगळं काढलं. मुंबईला उतरायचं पहाटे साडेचारला, हैदराबादचं विमान पावणेआठला. मध्ये सव्वातीन तास. आम्ही तर म्हणत होतो, एवढा वेळ करायचं काय?

हे विमान आम्हाला मिळालं नाही. त्यात चूक कोणाचीच नव्हती, फक्त आमच्या हिशेबाची होती. गावातली बरीच घरं आता अशी दोन-दोन तिकिटं जोडून प्रवास करतात, म्हणून तो हिशेब इथे नीट मांडतो.

तिकिटावर मुंबईच्या पुढे बारीक अक्षरात एका ठिकाणी T2 होतं आणि दुसऱ्या ठिकाणी T1. आम्ही ते वाचलं होतं, पण अर्थ लावला नव्हता. आम्हाला वाटलं, बसस्टँडवर जसा एक नंबरचा फलाट आणि दोन नंबरचा, तसंच काहीतरी असेल. तसं नाही. टर्मिनल २ सहारच्या बाजूला आहे. २०१४ पासून परदेशी विमानांची ये-जा तिथूनच होते, आणि देशातलीही बरीच विमानं तिथून सुटतात. टर्मिनल १ विलेपार्ल्याच्या बाजूला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून आहे. धावपट्टी दोघांना एकच, पण माणसांना जायचा रस्ता बाहेरून, शहरातून. अंतर चार-पाच किलोमीटर. पहाटे वीस मिनिटं लागतात, संध्याकाळी तासही लागू शकतो. सामान घेऊन चालत जाण्यासारखी वाट नाही.

आता त्या पहाटेचं घड्याळ. विमान साडेचारऐवजी चार पन्नासला टेकलं. वीस मिनिटांचा उशीर म्हणजे विमानप्रवासात उशीरच नव्हे. अम्मींसाठी व्हीलचेअर सांगितलेली होती, आणि व्हीलचेअरची माणसं शेवटी उतरवतात हे आम्हाला तेव्हा कळलं. सगळं विमान रिकामं होईपर्यंत बसून राहिलो. इमिग्रेशनच्या हॉलमध्ये पोचलो तर सव्वापाच वाजून गेले होते. आमच्या आगेमागे आणखी दोन-तीन विमानं उतरलेली. पासपोर्टवर शिक्का पडून बाहेर आलो तेव्हा पाच पन्नास झाले होते.

फजरची वेळ रांगेतच झाली होती. सामानाच्या पट्ट्याजवळ एका कडेला आम्ही आळीपाळीने नमाज अदा केली. ती आटोपली तरी बॅगा यायच्याच होत्या, त्यामुळे त्यात वेळ गेला असं कोणी म्हणू नये. बॅगा सहा दहाला आल्या. झमझमचे चार डबे मात्र आले नाहीत. डबे वेगळे चढवलेले असतात, बऱ्याचदा बॅगांच्या मागून येतात. ते सोडून जायची कोणाची तयारी नव्हती. सहा पंचवीसला डबे हाती आले. कस्टमच्या हिरव्या मार्गाने बाहेर पडून टॅक्सीत बसेपर्यंत सहा चाळीस झाले.

तेव्हाही आम्ही निर्धास्त होतो. विमान पावणेआठला, म्हणजे अजून एक तास पाच मिनिटं आहेत!

सात वाजता टर्मिनल १ला उतरलो. दारावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवून आत गेलो, काउंटरवर पोचलो तेव्हा सात वाजून आठ मिनिटं झाली होती. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, ‘‘काउंटर पावणेसातला बंद झालं. आता बॅगा जाणार नाहीत.’’ भाची म्हणाली, ‘‘ताई, विमान तर अजून उभं आहे ना?’’ विमान उभंच होतं. पण देशातल्या विमानाचं काउंटर साधारण सुटण्याच्या एक तास आधी बंद होतं. परदेशी विमानाचं साठ ते पंच्याहत्तर मिनिटं आधी. नुसती हातातली पिशवी असती आणि बोर्डिंग पास घरून काढलेला असता, तर कदाचित धावत जाता आलं असतं, कारण गेट सुटण्याच्या साधारण पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. आमच्याकडे चार बॅगा आणि चार डबे.

म्हणजे पावणेआठ ही आमची वेळ कधी नव्हतीच. आमची वेळ होती पावणेसात. सव्वातीन तासांतला शेवटचा तास आमचा नव्हता, तो काउंटरचा होता. उरलेल्या सव्वादोन तासांत उतरणं, शिक्का, बॅगा, कस्टम आणि शहरातला रस्ता, एवढं बसवायचं होतं. विमान अगदी वेळेवर टेकलं असतं तरी बसलं नसतं.

आमच्याच विमानात नागपूरचं एक कुटुंब होतं. त्यांच्या मध्ये आमच्यापेक्षाही कमी वेळ होता, पण ते गेले. त्यांचं तिकीट जेद्दा–मुंबई–नागपूर असं एकच होतं, एकाच पीएनआरवर, आणि नागपूरचं विमानही टर्मिनल २वरूनच होतं. जेद्दालाच त्यांच्या बॅगांना NAG असं लेबल लागलं होतं. आमच्या लेबलवर BOM. या तीन अक्षरांत बराच फरक आहे.

तरी एक गोष्ट त्यांच्याबाबतीतही घडली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. लेबल नागपूरचं असलं तरी बॅगा त्यांना मुंबईतच पट्ट्यावरून उचलाव्या लागल्या. परदेशातून आलेला माल देशात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथे कस्टमची तपासणी होते, असा आपल्याकडे साधारण नियम आहे. त्या भाईंना वाटत होतं की बॅगा आता नागपूरलाच मिळतील. ते सरळ बाहेर निघाले होते. त्यांच्या बेगमनी कर्मचाऱ्याला विचारलं म्हणून बरं झालं. कस्टम ओलांडल्यावर, बाहेरच्या दाराआधी, पुढच्या विमानाचं सामान घेणारं काउंटर असतं. तिथे लेबल लावलेल्या बॅगा नुसत्या द्यायच्या. पुन्हा वजन नाही, पुन्हा मोठी रांग नाही. मग वर जाऊन सुरक्षा तपासणी. जेद्दाला बॅग देतानाच विचारून ठेवावं, ‘‘ही पुन्हा आमच्या हातात कुठे येणार?’’

एका तिकिटाचा दुसरा फायदा त्यांना वापरावा लागला नाही, पण तो मोठा आहे. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. आणि एकत्र तिकीट विकताना मधला वेळ त्या विमानतळासाठी ठरवलेल्या किमान वेळेपेक्षा कमी ठेवता येत नाही. वेगळी तिकिटं काढली की हे राखण कोणी करत नाही. मोबाइलला काय, तो दोन तासांचं अंतर असलं तरी तिकीट देतो. दुसऱ्या कंपनीच्या लेखी आम्ही उशिरा आलेले चार प्रवासी होतो, जेद्दाहून आलो की दादरहून, याच्याशी तिचा संबंध नव्हता.

वजनाचं तर आणखी वेगळंच. परदेशी तिकिटावर आम्हाला माणशी तेवीस किलोच्या बॅगेची आणि झमझमच्या पाच लिटरच्या डब्याची मुभा होती. देशातल्या साध्या तिकिटावर पंधरा किलो. एकच तिकीट असतं तर परदेशी प्रवासाची मुभा सहसा शेवटपर्यंत चालते. आमची तुटली. डबाही वजनातच धरला गेला. दुपारच्या विमानाची चार नवी तिकिटं काढली आणि वर जादा वजनाचे पैसे भरले. वेगळ्या तिकिटात जे वाचलं होतं त्याच्या कितीतरी पट गेलं.

पैशाचं जाऊ द्या. अम्मींना इन्शुलिन घ्यावं लागतं, आणि घेतल्यावर वेळेवर खावं लागतं. इन्शुलिन हातातल्या पर्समध्ये होतं, हे एक काम आम्ही बरोबर केलं होतं. टर्मिनलच्या खुर्चीवर बसून त्यांनी ते घेतलं, इडली खाल्ली, दोन खजूर आम्हाला दिले आणि विचारलं, ‘‘आपाला फोन केलास का?’’ सकाळी दहाला घरी पोचणाऱ्या अम्मी संध्याकाळी पोचल्या. पाय सुजले होते. आपा आम्हाला काही बोलली नाही; भाच्याला मात्र म्हणाली, ‘‘मामूंना शाळेत गणित शिकवायला देऊ नका.’’ आम्ही भाषा शिकवतो, हे नशीब.

आता आम्ही हिशेब उलटा करतो. दुसऱ्या विमानाचं काउंटर बंद होण्याची वेळ आधी लिहायची आणि तिथून मागे यायचं. मुंबईत टर्मिनल बदलायचं असेल तर रस्ता आणि दारावरची रांग मिळून एक तास. त्याआधी चाकं टेकल्यापासून टॅक्सीपर्यंत दोन तास. व्हीलचेअर किंवा झमझम असेल तर यात काटछाट करू नये. त्याआधी पहिल्या विमानाच्या उशिरासाठी एक तास. काउंटरचा एक तास धरून हे पाच तास होतात. एकच तिकीट आणि एकच टर्मिनल असेल तर आमच्या मते तीन तास पुरतात. जाताना हिशेब थोडा सोपा असतो: एकत्र तिकिटावर देशातून निघालेली बॅग सरळ जेद्दाला जाते, मुंबईत फक्त आपण इमिग्रेशन करायचं. वेगळ्या तिकिटावर जातानाही बॅग उचलून दुसऱ्या टर्मिनलला न्यावीच लागते.

निघायच्या आदल्या रात्री टर्मिनल पुन्हा बघून घ्यावं. कंपन्या विमानं एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर हलवतात, आणि टर्मिनल १ पाडून नवं बांधण्याचं जाहीर झालेलं असल्याने ही हलवाहलव पुढेही होणार. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे.

परवा शेजारचे चाचा त्यांचं उमऱ्याचं तिकीट दाखवायला आले. जेद्दाहून पहाटे BOMला उतरायचं आणि पाच तासांनी हैदराबादचं विमान. ‘‘सर, पाच तास आहेत, तुमच्यासारखं नाही केलं,’’ चाचा म्हणाले. आम्ही दुसऱ्या तिकिटावर बोट ठेवलं. तिथे BOM नव्हतं, NMI होतं, म्हणजे नवी मुंबई. सहारहून पस्तीस-चाळीस किलोमीटर, तेही सकाळच्या गर्दीत. वर दोन्ही तिकिटं वेगळी. आम्ही कागदावर उलटा हिशेब मांडून दिला. काउंटरचा एक तास, रस्त्याचे आणि दारावरचे दोन, उतरून बाहेर पडायचे दोन. पाच तास तिथेच संपले, उशिरासाठी काही उरलं नाही.

चाचा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘हैदराबादहून जेद्दाला थेट विमान आहे ना?’’ आहे. सोलापूरहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि शमशाबादला देशी-परदेशी मिळून एकच टर्मिनल. चाचांचे पैसे अजून पूर्ण भरायचे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट बदलून घेतलं.