कामाआधीचे सहा प्रश्न

मराठी पत्रव्यवहारात ‘सर्व’, ‘नीट’ आणि ‘वगैरे’ या तीन शब्दांइतके सोयीचे शब्द क्वचितच सापडतील. खुशालीच्या पत्रात ते निरुपद्रवी असतात. परंतु एकाने दुसऱ्यास मोल देऊन काम सांगावयाचे असले, म्हणजे पुढील बहुतेक तंटे याच शब्दांच्या पोटी जन्मास येतात. ग्रंथालयांच्या याद्या संगणकावर उतरवून देण्याचा आमचा व्यवसाय असल्यामुळे त्यांच्याशी आमची नित्याची गाठ आहे. एका जुन्या वाचनालयाच्या चिटणिसांचे आम्हांस आलेले पत्र असे होते : “आमच्या सर्व पुस्तकांची यादी संगणकावर नीट करून द्यावी, वाचकांस पुस्तक सहज सापडावे व देवघेव वगैरेची सोय व्हावी. खर्चाचा अंदाज कळवावा.”

अशा पत्रास उत्तर देण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. एक, अंदाजाने आकडा ठोकून देणे. दुसरी, ‘कृपया सविस्तर कळवावे’ असे लिहिणे. पहिलीचे दोष सांगावयास नकोत. दुसरी सभ्य दिसते, पण निष्फळ आहे. काम सांगणाऱ्याच्या मते त्याने सर्व काही सांगितलेलेच असते. तेव्हा तो तेच पत्र लांबवून पुन्हा पाठवितो. प्रश्न असा असावा की, त्याचे उत्तर एखादा आकडा, ‘होय’ किंवा ‘नाही’, अथवा दोहोंतील एकाची निवड एवढ्यातच यावे. त्यास क्रमांक असावा, म्हणजे उत्तरही क्रमांकाने येते व जो प्रश्न टाळला गेला त्याची रिकामी जागा उभयतांच्या डोळ्यांसमोर राहते. आम्ही लिहिले ते प्रश्न हे :

१. दाखलनोंद वहीतील शेवटचा क्रमांक कोणता, आणि आज कपाटांत प्रत्यक्ष किती ग्रंथ आहेत?
२. वहीत आहे पण कपाटात नाही, असा ग्रंथ यादीत घ्यावयाचा की गाळावयाचा?
३. पूर्वी संगणकावर केलेली एखादी यादी असल्यास, तिची छापील प्रत नव्हे, तर मूळ फाईल पाठवाल काय?
४. टोपणनावाने लिहिणारा ग्रंथकार कोणत्या नावाखाली असावा? आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांनी आरंभ होणारी नावे वर्णमालेच्या शेवटी असावीत, की ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात?
५. ‘वगैरे’मध्ये अनामत, वर्गणी व विलंबशुल्क यांपैकी काय काय येते?
६. काम पुरे झाले, हे कोण ठरविणार व कशावरून?

चिटणिसांचा दूरध्वनी त्याच सायंकाळी आला. स्वरात किंचित रोष होता. “अहो, जाणकार तुम्ही, मग आम्हांलाच काय विचारता?” आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता. यादी कोणत्या पद्धतीने साठवावी, तिच्या प्रती कोठे राखाव्या, हे कारागिराने स्वतः ठरवावयाचे असते. ते विचारणे म्हणजे आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे होय. परंतु वरील सहांपैकी एकाचेही उत्तर आमच्या विद्येत नव्हते. ते त्यांच्या घरात होते. एवढे सांगितल्यावर त्यांनी पत्र समितीपुढे ठेवण्याचे मान्य केले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथम आले. एक जुनी यादी होती. तीच ‘जरा सुधारून’ घेतली की काम निम्मे होईल, अशी त्यांची समजूत. फाईल उघडून पाहता ती युनिकोडपूर्वीच्या अक्षरमुद्रेत केलेली निघाली. अशा लिखाणात संगणकाच्या लेखी ‘क’ हा ‘क’ नसतोच. रोमन अक्षराच्या घरात मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असते. ती अक्षरमुद्रा काढून घेतली की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उरते, आणि मराठीत शोध घेतला असता काहीच सापडत नाही. छापील पानावर मात्र हे कधीच कळले नसते. असे लिखाण रूपांतरित करता येते. पण जोडाक्षरे व रफार यांची गफलत होते, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते.

चौथा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ‘सहज सापडावे’ या शब्दांचा खरा अर्थ त्यातच आहे. गडकऱ्यांची नाटके त्यांच्या नावावर, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावावर आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावावर. वाचकाने तीन ठिकाणी शोधावे काय? तसेच ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही संगणकाच्या दृष्टीने जोडाक्षरे असल्यामुळे, निराळी आज्ञा दिली नाही तर ‘ज्ञानेश्वरी’ ‘ज’मध्ये जाऊन बसते, आणि वर्णमालेच्या अखेरीस तिला शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. समितीने उत्तर दिले : मूळ नावाखाली नोंद, टोपणनावावरून तिकडे निर्देश; ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी.

खरा पेच पडला तो पहिल्या दोन प्रश्नांवर. वहीतील शेवटचा क्रमांक सुमारे १२,००० होता. कपाटांतील ग्रंथ मोजून पाहता भरले सुमारे ९,०००. तीन हजारांतील काही रीतसर बाद केलेले. उरलेले कोठे गेले, हे कोणासच सांगता येईना. एका नोंदीस सरासरी ३ मिनिटे धरली, तर सर्व नोंदींस ६०० तास व कपाटांतील ग्रंथांस ४५० तास लागतात. ‘दीडशे तास वाचतात, तर जे आहे तेच लिहावे,’ असे समितीतील एक पक्ष म्हणू लागला. वृद्ध ग्रंथपाल एवढेच म्हणाले, “नवी यादी झाली की जुनी वही कोणी उघडणार नाही. मग ही पुस्तके हरवली, असेही म्हणता येणार नाही. ती कधी नव्हतीच, असे होईल.”

इतर पाच प्रश्नांखाली आम्ही ‘उत्तर न आल्यास आम्ही असे धरून चालू’ अशी एक ओळ लिहिली होती. दुसऱ्याखाली मात्र ती बुद्ध्या लिहिली नव्हती. जेथे कारागिराची समजूत हीच मालकाचा निर्णय होऊन बसेल, तेथे त्याने समजूत करून घेऊ नये. ‘सर्व’ हा शब्द येथे अज्ञानाने आला नव्हता. न घेतलेला निर्णय त्याच्या आड सुखाने नांदत होता. दोन बैठकींनंतर ठरले की, नसलेल्या ग्रंथांचीही नोंद करावी, पण केवळ क्रमांक, नाव व ग्रंथकार एवढीच. आणि प्रत्येकापुढे ‘आहे’, ‘बाद’ अथवा ‘गहाळ’ असा शेरा असावा. या त्रोटक नोंदीस १ मिनिट पुरते. म्हणजे ४५० तासांत ५० मिळवून ५०० तास झाले. खर्चाचा आकडा आम्ही यानंतरच लिहिला.

‘वगैरे’त विलंबशुल्क तेवढे निघाले. सहाव्याचे उत्तर ग्रंथपालांनीच सुचविले : त्यांनी कोणतेही ५० ग्रंथ कपाटातून काढावे व ५० क्रमांक वहीतून, दोहोंपेक्षा अधिक चुका आढळल्यास काम परत.

प्रश्नांनी सर्वच उलगडते असे मात्र नाही. वाचक प्रत्यक्षात कसा शोध घेतो, हे वाचकासही आधी सांगता येत नाही. त्यासाठी एकाच कपाटातील २०० ग्रंथांची यादी प्रथम करून आठवडाभर वापरावयास दिली. तेव्हा कळले की, पुष्कळ जण पुस्तकाच्या नावातील मधलाच शब्द सांगतात. ही गोष्ट सातवा प्रश्न घालून कळली नसती.

यादी पूर्ण झाली तेव्हा तीत ‘गहाळ’ शेऱ्याचे ग्रंथ दोन हजारांवर होते. ती पाने छापून वाचनालयाच्या दाराशी लावावी, असा ग्रंथपालांचा आग्रह होता, आणि समितीने तो मानला. त्यांतील काही पुस्तके पुढे परत आली. कोणी आणून ठेवली, हे कोणी विचारले नाही.