शोक तिचा, करुण कुणाचा?

आमच्या यवतमाळकडे नाटक बसवायचं म्हटलं की शोकाचा प्रसंग टाळता येत नाही. नवीन नट आला की तो पहिल्यांदा रडून दाखवतो. कापसाचा भाव, सावकार, विषाची बाटली हे सगळं त्याने जवळून पाहिलेलं असतं, त्यामुळे रडणं खरंही असतं. तरीसुद्धा समोर बसलेल्यांना पुष्कळदा काहीच होत नाही. असं का होतं, हे शोधताना मी दोन वेगळ्या दारांवर जाऊन बसलो. एक भरताचं, दुसरं मानसशास्त्रज्ञ पॉल एकमनचं.

एकमनने १९६० च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध फार थोडा होता, तरी बहुतेक भाव त्यांनी ओळखले. त्यातून राग, भीती, दुःख, आनंद, किळस आणि आश्चर्य ही सहा मूळ भावनांची यादी रूढ झाली. १९७८ मध्ये त्याने आणि फ्रीझनने चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल नोंदवण्याची पद्धतच तयार केली. दुःखात भुवयांची आतली टोकं वर जातात आणि एकमेकींकडे ओढली जातात, ओठांचे कोपरे खाली येतात. भुवयांची ती आतली टोकं ठरवून उचलणं बहुतेकांना जमत नाही. नटाच्या दृष्टीने ही फार कामाची माहिती आहे. खोटं रडणारा ओठ पाडतो, डोळे चोळतो, पण भुवई जागची हलत नाही. तालमीत मी अजूनही आधी तिथेच पाहतो.

भरताचे स्थायीभाव आठ आहेत. क्रोध, भय, शोक, जुगुप्सा, विस्मय ही नावं एकमनच्या यादीशी सहज जुळतात, हास आनंदाच्या जवळपास जातो. उरतात रती आणि उत्साह. हे दोन एकमनच्या यादीत का नसावेत? मला वाटतं, त्यांना एका क्षणात टिपता येईल असा चेहराच नाही. नांगर धरून चौथ्या वर्षी पुन्हा पेरायला निघालेल्या माणसाचा उत्साह फोटोत कसा दिसणार? मागची तीन वर्षं ठाऊक असतील तरच तो दिसतो. भरताला असे भाव मोजावे लागले, कारण तो चेहऱ्यांची नाही, नाटकाची मांडणी करत होता. आणि नाटकाला काळ लागतो.

ही तुलना मराठीत नवी नाही. के. ना. वाटव्यांनी ‘रसविमर्श’मध्ये रसांना मानसशास्त्राशेजारी बसवून पाहिलंच होतं. पुढे अहल्या हेजमाडी, रिचर्ड डेव्हिडसन आणि पॉल रोझिन यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नाट्यशास्त्रातल्या वर्णनांवरून अभिनित केलेले भाव त्यात भारतीयांना आणि अमेरिकनांना दाखवले होते, अगदी लज्जासुद्धा. दोघांनीही ते बऱ्यापैकी ओळखले. मला या निष्कर्षाचा आनंद झाला, पण माझा प्रश्न तिथे सुटत नव्हता. भाव ओळखणं ही रसाची फार तर पायरी. समोरच्या बाईला दुःख झालंय हे ओळखूनही प्रेक्षक सुपारी कातरत बसू शकतो.

आम्ही बसवलेल्या एका छोट्या नाटकातला प्रसंग सांगतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे, काही दिवसांनी तलाठी चौकशीला आला आहे. सरकारी मदत एक लाखाची, पण कर्ज कुठल्या बँकेचं किंवा सोसायटीचं, सातबारा कुणाच्या नावावर, हे सगळं पाहून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरणार. तलाठी वाईट माणूस नाही. तो फक्त विचारतो आणि लिहून घेतो.

त्या शेतकऱ्याच्या विधवेची भूमिका करणारी मुलगी पहिल्या ओळीपासून रडत होती. मी तिला सांगितलं, इथे रडायचं नाही. ती म्हणाली, “सर, मंग मी रडू केव्हा?”

उत्तरासाठी आम्ही भरताची वाट धरली. शोक हा स्थायी. तो प्रसंगभर तळाशी राहणार, त्याला वर आणायचं नाही. वर दिसतील ते येऊन जाणारे व्यभिचारी भाव. आधी जडता : प्रश्न विचारला की उत्तर उशिरा येतं, हातातला पाण्याचा पेला द्यायचा राहून जातो. मग चिंता : जमीन सासऱ्याच्या नावावर आहे, हे सांगताना आवाज खाली जातो, कारण त्याचा अर्थ तिला कळलेला आहे. मग तलाठी मोबाइल नंबर विचारतो. ती सवयीने दहा आकडे भराभर म्हणते. तलाठी लिहितो, थांबतो, हळूच विचारतो, “हा त्यांचा ना?”

बस्स. तिथे तिने काहीही करायचं नव्हतं. प्रयोगात बायकांच्या बाजूने पदर तोंडाला लागले ते याच जागी, आणि त्या क्षणी नटीचा चेहरा जवळजवळ कोरा होता. एकमनच्या पद्धतीने नोंद केली असती तर त्या चेहऱ्यावर दुःखाची खूण फारशी सापडली नसती. दुःख त्या नंबरात होतं. भरत ज्याला विभाव म्हणतो ते हेच : भाव ज्याच्या योगाने जागा होतो ते कारण. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी यांच्या संयोगातून रस निपजतो असं तो म्हणतो, तेव्हा चेहरा त्यातल्या एका घटकाचा एक हिस्सा ठरतो.

भरताने केलेला आणखी एक भेद मला फार मोलाचा वाटतो. विरहाचा शृंगार आणि करुण, दोन्हींत अश्रू, निःश्वास, म्लानता सारखीच. फरक आशेचा. माणूस परत येण्याची आशा शिल्लक असेल तर तो विप्रलंभ, ती संपली की करुण. कामासाठी पुण्याला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी आणि ही विधवा, यांच्या फोटोंत कदाचित फरक दिसणार नाही. रंगमंचावर मात्र पहिली दाराकडे पाहते, दुसरी पाहत नाही. तालमीत एवढी एक सूचना पुरते.

भरताच्या सगळ्याच गोष्टी मी घेत नाही. शोकात उत्तम पात्राने धैर्य धरावं आणि हलक्या पात्राने रडावं, अशी त्याची वाटणी आहे. आमच्या गावांत ती टिकत नाही. इथे जिला सर्वांत खालची समजतात, तिनेच कोरड्या डोळ्यांनी घर चालवलेलं असतं.

खरी अडचण पुढे येते. ज्या गावात नुकतीच अशी घटना घडली आहे तिथे हाच प्रसंग केला, तर कुणी बाई उठून निघून जाते, कुणी मोठ्याने रडू लागते. ते रडणं म्हणजे रस नव्हे. अभिनवगुप्ताने रसाची सात विघ्नं सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकणं हे एक आहे. त्यावर त्याचा उपाय गाण्यावाजवण्याचा आहे. प्रसंग आपला किंवा अमक्या शेजाऱ्याचा वाटणं हेही विघ्न, त्यासाठी पूर्वरंग आणि प्रस्तावना. आमच्या खडीगंमतीत आधी गण होतो तो मला याच कामाचा वाटतो. आम्हीही सुरुवातीला डफ वाजवतो, सूत्रधार सांगतो की या नावाचं गाव नकाशात नाही, आणि तलाठ्याच्या प्रसंगाआधी जात्यावरच्या ओवीची चाल नुसती गुणगुणली जाते. त्याने दुःख कमी होत नाही, पण ते एकटीचं राहत नाही. तरीही जखम फार ताजी असेल तिथे हा उपाय चालत नाही. अशा गावात आम्ही तो प्रसंग गाळतो.

मग ‘तेरवं’चं काय? श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापेंनी दिग्दर्शित केलेलं हे नाटक आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायकांनीच उभं केलं. त्यांतल्या वैशाली येडे आमच्याच जिल्ह्यातल्या. ११ जानेवारी २०१९ ला यवतमाळच्या ९२ व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेल्यावर तो मान त्यांच्याकडे आला होता. शास्त्राच्या भाषेत त्यांचा शोक लौकिक, घरातला. नटाने स्वतःचा शोक भोगत राहू नये, असं शास्त्र सांगतं. मला वाटतं, या बायकांनी ते शास्त्र मोडलं नाही. ठरलेली जागा, ठरलेला शब्द, दुसरीच्या वाक्याची वाट पाहणं, प्रकाशात येऊन उभं राहणं, हे सगळं पुन्हापुन्हा केल्याशिवाय नाटक उभं राहत नाही, आणि ते करताना स्वतःच्या शोकापासून पाऊलभर मागे यावंच लागतं.

संमेलनाच्या व्यासपीठावर मात्र त्या स्वतःच्या नावाने उभ्या होत्या. तिथे सूत्रधार नव्हता, गण नव्हता, आणि गाव खरं होतं. चेहऱ्याच्या नोंदीत ‘तेरवं’मधल्या वैशाली आणि व्यासपीठावरच्या वैशाली यांच्यात फारसा फरक सापडणार नाही, कारण माणूस एकच आणि दुःखही तेच. पण नाटकातलं दुःख मी प्रेक्षक म्हणून आस्वादू शकतो, त्यात रमू शकतो. व्यासपीठावरून बोललेलं दुःख आस्वादायचं नसतं. त्याला उत्तर द्यावं लागतं.