आर्थिक भार आणि कर्तव्य रजा

महाविद्यालयीन शिक्षकाला परदेशी परिषदेत शोधनिबंध वाचण्यासाठी मिळते ती कर्तव्य रजा, म्हणजे तो वर्गात नसला तरी कामावरच आहे असे मानून देण्यात येणारी पगारी रजा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत तिची कमाल मर्यादा शैक्षणिक वर्षात ३० दिवस आहे. बाहेरून मिळालेले साहाय्य नेहमीच्या खर्चापेक्षा अधिक असल्यास ती कमी वेतनावर देण्याची मुभाही आहे. त्यामुळे पैसा कोण देणार, हा प्रश्न रजेच्या अर्जातच येतो.

बारामतीत राहून इंदापूर तालुक्यातील महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा अनुभव याच प्रश्नाभोवती फिरतो. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात उसाला भरमसाट पाणी आणि निचऱ्याची वानवा यांमुळे जमिनी क्षारपड होतात, म्हणजे क्षार वर येऊन पीक खुरटते. यावरील त्यांचा निबंध युरोपातील परिषदेने स्वीकारला. आयोजकांनी नोंदणी शुल्क माफ करून निवासाची सोय केली, पण विमानभाडे, व्हिसा आणि विमा यांचा खर्च उरलाच.

कार्यालयातील जुन्या नमुन्यात 'या प्रवासाचा संस्थेवर कोणताही आर्थिक भार पडणार नाही' असे वाक्य होते. त्याने परवानगी लवकर मिळते हे खरे, परंतु पुढे विमानभाड्याचा काही भाग संस्थेकडे मागायचा झाल्यास तेच वाक्य लेखा विभाग अर्जदारापुढे ठेवतो. शिक्षिकेने ते वगळून प्रत्येक बाब, ती रक्कम देणारा आणि त्याचा पुरावा अशा तीन रकान्यांचा तक्ता जोडला, आणि तासिका घेणाऱ्या सहकाऱ्यांच्या सह्याही सोबत दिल्या.

तरीही फाइल 'निधीचे मंजुरीपत्र जोडावे' या शेऱ्यासह परत आली. दुसरीकडे भाड्याचा अंशतः निधी देणाऱ्या संस्थेला आधी ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नियोक्त्याची संमती, हवी होती. हा पेच सुटण्याचा मार्ग तत्त्वतः मंजुरीचा असतो, कारण तिच्यात निधी मिळण्याच्या अधीन राहून परवानगी दिली जाते आणि कोणाचीही जबाबदारी आधीच नक्की होत नाही. शिक्षिकेने तिचीच मागणी केली आणि ती मान्य झाली. हा विलंब मामुली नव्हता, कारण शेंगेन व्हिसाचा निर्णय साधारण १५ दिवसांत होत असला तरी तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि परवानगीचे पत्र त्या अर्जालाही जोडावयाचे असते.

परिषदेनंतरचे फिरण्याचे दिवस कर्तव्य रजेत बसत नाहीत, म्हणून त्यांनी त्यासाठी अर्जित रजेचा वेगळा अर्ज दिला. निधीची रक्कम परतल्यावर मिळणार असल्याने तिकिटाचे पूर्ण पैसे त्यांनाच आधी भरावे लागले. अशा प्रवासाला निघणाऱ्यांनी बोर्डिंग पास, मूळ पावत्या आणि निबंध वाचल्याचे प्रमाणपत्र सांभाळून ठेवावे; प्रतिपूर्तीच्या वेळी बहुधा हीच कागदपत्रे मागितली जातात.