खट्ट आवाजापर्यंत

गेल्या जानेवारीत भाचीच्या मुलीचं गॅदरिंग बघायला डोंबिवलीहून ठाण्याला गेले होते. कार्यक्रम होता डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात. तिच्या वर्गाचा कोळी नाच सुरू झाला आणि खुर्चीखाली माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला, टाचेवर टेकला, मागे आला. स्टेजवर वाजत होतं ते गाणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. माझा पाय दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्यावर चालला होता, आणि ते गाणं कोणतं, हे काही केल्या आठवेना.

पावलं मात्र लख्ख आठवत होती. आम्ही सहावीत होतो, साल 1982. डोंबिवलीच्या शाळेच्या मैदानात मांडव घातला होता, बाकं जोडून स्टेज केलं होतं. तालीम शाळा सुटल्यावर गच्चीवर व्हायची आणि नाच बाईच बसवायच्या, ज्या आम्हाला भूगोल शिकवायच्या त्याच. कपडे ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले. त्यांना कापराचा आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलींच्या पावडरचा वास यायचा. आता भाचीच्या मुलीला शिकवायला महिनाभर कोरिओग्राफर येत होता. गाणं सगळ्या आयांच्या फोनवर आलं होतं आणि सरावाचा व्हिडिओसुद्धा. तिला चाळीस वर्षांनी हे पाऊल आठवलं, तर गाणं शोधायला लागणार नाही. दोन्ही एकाच फाइलीत आहेत.

माझ्याकडे फाइल नव्हती. हल्ली फोनला गाणं ऐकवलं की तो नाव सांगतो, पण ऐकवायला सूरच नव्हता. जे होतं ते पायात आणि दंडात होतं. म्हणून घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पाऊल पुन्हा पुन्हा केलं. त्यात तीन गोष्टी निघाल्या. पहिली, वल्हं मारणं: गुडघे किंचित वाकवून दोन्ही मुठी पोटाशी ओढायच्या, असं चार वेळा. दुसरी, पाठ फिरवून खांद्यावरून मागे बघत पंजा हलवणं, नको नको म्हणतात तसा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे नुसतं थांबणं. कमरेवर हात ठेवून आम्ही मुली उभ्या राहायचो, बराच वेळ.

आधी ठेका शोधला. वल्हं ओढायला वेळ लागतो, परत न्यायला कमी. ओढताना दोन मोजले की परत नेताना एक होतो, म्हणजे एका वल्ह्याला तीन आणि दोन वल्ह्यांना सहा. हेच लेझीमच्या चार-आठच्या मोजणीत बसवायला गेलं की मुठी पोटाशी येतात, पण परत न्यायला जागाच उरत नाही, शरीर अडखळतं. बहुतेक कोळीगीतं या सहाच्या झोक्यावरच चालतात. तेव्हा कोळीगीत हे नक्की झालं. पण कोळी वेश तर आठवतच होता, त्यामुळे एवढ्याने फारसं काही साधलं नाही.

किती जलद नाचत होतो, यावरून गाणं ओळखता येईल असं आधी वाटलं होतं. ते सोडून दिलं. तालमीचे पहिले आठ दिवस कॅसेट नसायचीच. बाई टाळ्या वाजवून मोजायच्या आणि मंद मोजायच्या. शरीराने कोणती लय साठवली, टाळ्यांची की गाण्याची, कोण सांगणार? डाव्याउजव्याचंही तसंच. बाई आमच्याकडे तोंड करून शिकवायच्या. त्यांचा उजवा हात बघून पहिली रांग डावा उचलायची, मागची रांग पहिल्या रांगेकडे बघून शिकायची, आणि मधेच बाई पाठमोऱ्या होऊन दाखवायच्या. आमच्यातल्या निम्म्या जणी शेवटपर्यंत उलट्या हाताने नाचल्या. बाजू आणि वेग असे दोन्ही गेले. राहिलं ते एवढंच: किती मोजायचं, कशानंतर काय येतं, आणि हाताने काय दाखवायचं.

हाताने दाखवायचं यातच खरी किल्ली होती. त्या काळचे शाळेतले नाच शब्दाला शब्द लावून बसवलेले असत. गाण्यात चंद्र आला की हात वर जाणार, मासा आला की एका पंजावर दुसरा पंजा ठेवून दोन्ही अंगठे हलवायचे. पण हे शब्द असतात तिथेच. मधे नुसतं संगीत वाजतं तिथे दाखवायला काही नसतं, म्हणून तिथे बाई रांगा बदलून घ्यायच्या किंवा एखादं साधं पाऊल घालायच्या. आमचं वल्हं मारणं त्या मधल्या संगीतावरचं होतं. मी वल्ह्यावरून गाणं शोधत बसले होते आणि वल्ह्यात शब्दच नव्हते.

त्यातच पहिली चूक झाली. वल्हं म्हणून मी सरळ ‘मी डोलकर’ लावलं. आवाजही पटला. तालमीच्या कॅसेटमधला पुरुषाचा खोल, भरदार आवाज मला आठवत होता आणि इथे हेमंतकुमारच होते, सोबत लता मंगेशकर. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत. दोन दिवस मी हेच गाणं धरून बसले. पण ते ‘नको नको’ कुठेच बसेना. तो हात आम्ही एकदा नाही, पुन्हा पुन्हा हलवला होता, मनगट दुखेपर्यंत. जी खूण पुन्हा पुन्हा येते ती ध्रुवपदातली. म्हणजे ध्रुवपदातच नकार असलेलं गाणं हवं होतं, आणि इथे तर डोलकर स्वतःचा तोरा सांगतो. शिवाय ते थांबणं होतं. मुली हात कमरेवर ठेवून का थांबतील? कारण तेवढा वेळ दुसरं कोणी तरी नाचतंय. कोणी विचारतंय, कोणी नाही म्हणतंय. माझ्या पायात गाण्याची अर्धी बाजूच होती.

दुसरी अर्धी कल्याणला राहते. आमच्या नाचात मुलगे नव्हते. उंच मुलींना काजळाच्या मिशा काढून नाखवे केलं होतं, आणि माझ्यासमोरची नाखवा म्हणजे माझी बाकावरची मैत्रीण. फोनवर तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, “मला काही आठवत नाही गं. मिशी पुसली जात नव्हती, एवढं आठवतंय.” तरी गेले. डोंबिवलीहून मधे ठाकुर्ली, मग कल्याण. तिच्याकडे पोहोचले तेव्हा ती कणीक मळत होती.

“तू नुसती समोर उभी राहा,” मी म्हटलं.

“अगं, हात भरलेत माझे.”

“राहू देत.”

मी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी राहिले, जशी तेव्हा राहायचे तशी. क्षणभर ती माझ्याकडे बघत राहिली. मग कणकेच्या हातांनीच चार पावलं पुढे आली आणि तळवा वर करून माझ्यासमोर धरला. मी पाठ फिरवून हात हलवला. ती मागे गेली आणि माझ्याकडे न बघता पुढचं करू लागली: दोन बोटं डोळ्यांजवळ, मग दोन्ही हात लांब फेकून काही तरी पसरलं, मग हात छातीवर, आणि शेवटी पंजावर पंजा, अंगठे हलताहेत.

“थांब,” मी म्हटलं. “परत कर. सावकाश.”

डोळे. जाळं. काळीज. मासोळी. तिचे डोळे म्हणजे कोळ्याचं जाळं आणि त्याचं काळीज त्यात मासोळीसारखं सापडलं, असं सरळ वाक्यच तिच्या हातांत होतं. आम्हा दोघींना ते एकदमच कळलं. तिच्या तोंडून आधी शब्द नाही, मधलं संगीत आलं, वल्हं मारायचं ते, तोंडाने वाजवल्यासारखं. आणि त्याच्या टोकाला गाण्याचं नाव आपसूक आलं: ‘गोमू संगतीनं’.

तो संगतीने येतेस का म्हणून विचारतो, ती साफ नाही म्हणते, आणि हेच ध्रुवपद. माझं मनगट का दुखायचं ते आता कळलं. ‘हा खेळ सावल्यांचा’ या 1976 च्या चित्रपटातलं हे गाणं सुधीर मोघे यांनी लिहिलं. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आणि तो खोल आवाज हेमंतकुमारांचाच. म्हणजे मला आवाज बरोबर आठवत होता आणि त्यानेच मला चुकीच्या गाण्याकडे नेलं होतं. संगीतकार तोच, गायक तोच, ठेक्याचा झोकाही तसाच. फरक होता तो स्त्रीच्या आवाजात, ‘मी डोलकर’मध्ये लताबाई आणि इथे आशा भोसले. तो मला आठवला नाही, कारण तिचं गाणं सुरू झालं की मी नाचत असायचे. ऐकायला उसंत मिळायची ती त्याच्या गाण्याच्या वेळी, कमरेवर हात ठेवून उभी असताना.

आणखी एक गोष्ट मैत्रिणीच्या मुलाने सांगितली तेव्हा लक्षात आली. पडद्यावर हे गाणं आशा काळे आणि डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्यावर आहे. घाणेकर 1986 मध्ये गेले. 2018 मध्ये त्यांच्या आयुष्यावर चित्रपट आला, त्यातही हे गाणं नव्याने केलं होतं, म्हणून मुलाला ठाऊक होतं. माझा पाय ज्या खुर्चीखाली हलला ती त्यांच्याच नावाच्या नाट्यगृहातली होती. आत जाताना पाटी मी वाचली होती, अगदी स्पष्ट वाचली होती.

मुलाने टीव्हीवर गाणं लावून दिलं. मैत्रिणीने हात धुतले, आम्ही टीपॉय सरकवला आणि सुरुवातीपासून नाचलो. विचारणं बसलं, नकार बसला. डोळे, जाळं, काळीज, मासोळी अगदी शब्दावर पडलं. मधल्या संगीतात चारही वल्ही बसली. पहिलं कडवं झालं, ध्रुवपद झालं, आणि आम्ही दोघी एकदम थांबलो. तिने डावा गुडघा टेकला, मी तिच्या मागे टोपली धरून उभी. नाचाचा शेवट.

गाणं पुढे चालूच होतं.

“खट्ट,” मैत्रीण म्हणाली.

मला तो आवाज तेवढ्या वर्षांत एकदाही आठवला नव्हता. प्रत्येक नाचाला ठरावीक मिनिटं मिळायची. बाईंनी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून गाणं उतरवून घेतलं होतं आणि एका कडव्यानंतर बटण दाबलं होतं. ते बटण कॅसेटमध्ये ऐकू यायचं: खट्ट. त्यानंतर नुसती खरखर. आम्ही गाण्याच्या शेवटाकडे कधी लक्षच दिलं नाही. खट्ट ऐकू आलं की गुडघा टेकायचा, एवढंच शिकलो होतो. ठाण्याला भाचीच्या मुलीच्या नाचात तीन गाणी एकमेकांत मिसळली होती, सांधा कुठे आहे ते कळलंसुद्धा नाही.

टीव्हीवर पुढचं कडवं सुरू झालं. मैत्रीण गुडघ्यावरून उठली, मी हातातली नसलेली टोपली खाली ठेवली. या कडव्यात हात कुठे न्यायचे ते बाईंनी शिकवलं नव्हतं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहून ते ऐकत राहिलो.